पावणेतिनावा शेतकरी

अकरावीच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात ‘विभाजन मूल्ये’ नावाचं एक प्रकरण आहे. नाव ऐकून भावाभावांतली वाटणी आणि तलाठ्याकडच्या चकरा आठवतात. आत मात्र सोज्वळ चतुर्थकं बसलेली असतात: आकडे चढत्या क्रमानं मांडा, चार सारखे वाटे करा, पहिला वाटा संपतो तिथं पहिलं चतुर्थक. हे ऐकून कुणाचं भांडण होईल असं वाटत नाही. पण वाटणीत भांडण वाट्यावरून क्वचितच होतं, ते धुऱ्यावरून होतं. इथंही तसंच आहे.

वाशीम-पुसद रस्त्यावरच्या आमच्या अनसिंगात सोयाबीन हडंब्यातून निघालं की महिनाभर एकच प्रश्न फिरतो: एकरी किती झालं? शेजारच्या पोरीला चतुर्थकांचं वर्कशीट करायचं होतं, म्हणून आम्ही तोच प्रश्न कागदावर आणला. दहा शेतकरी कल्पिले आणि त्यांचं एकरी उत्पन्न क्विंटलमध्ये असं मांडलं:

3, 4, 5, 6, 6, 7, 7, 8, 9, 12

मध्यकाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पाचवा सहा क्विंटलवाला, सहावा सात क्विंटलवाला, दोघांच्या मधोमध साडेसहा. पुढं पोरीनं पुस्तकाचं सूत्र लावलं: पहिलं चतुर्थक म्हणजे (n+1)/4 व्या क्रमांकाची किंमत. अकराला चारानं भागलं, पावणेतीन आले. पावणेतिनावा शेतकरी अनसिंगात राहत नाही, पण गणिताला त्याची अडचण नसते. दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं पाऊण वाट चालायची. दुसरा 4, तिसरा 5, म्हणून उत्तर पावणेपाच.

तिच्या मोठ्या भावानं शिकवणीत वेगळं केलं होतं. मध्यकापाशी रांगेचे दोन भाग करायचे आणि खालच्या पाच जणांचा पुन्हा मध्यक काढायचा. तिसरा माणूस, उत्तर पाच. मग त्यानंच मोबाइलवरच्या शीटमध्ये आकडे भरून `QUARTILE` लिहिलं. उत्तर सव्वापाच.

पावणेपाच, पाच, सव्वापाच. एकाच ओट्यावर, एकाच सोयाबीनची.

“काका, यातलं चुकलं कोनाचं?” पोरीनं विचारलं. तिचा रोख भावाकडं होता हे सांगायला नको.

चुकलं कुणाचंच नव्हतं. तिघांनी रांग एकच धरली, पण तिची टोकं वेगवेगळ्या ठिकाणी मानली. तारेच्या कुंपणाचे दहा खांब उभे आहेत असं समजा. शीट म्हणतं, पहिल्या खांबापाशी शेत सुरू झालं, दहाव्यापाशी संपलं. मधे नऊ गाळे. नऊचा पाव सव्वादोन, म्हणजे पहिल्या खांबापासून सव्वादोन गाळे चाललं की सव्वातिनाव्या जागेवर पोचतो. पुस्तक म्हणतं, हे दहा खांब आपल्याला दिसले तेवढे. पहिल्याच्या अलीकडं आणि दहाव्याच्या पलीकडंही शेत आहे, म्हणजे गाळे अकरा. त्यांचा पाव पावणेतीन. आणि अर्धेअर्धे करणारा भाऊ, त्याच्या नकळत, प्रत्येक खांबाला स्वतःचा एकेक तुकडा देतो आणि खांब त्या तुकड्याच्या मधोमध उभा करतो. तुकडे दहा, पाव अडीच, आणि तिसरा तुकडा अर्धा झाला की तिथंच तिसरा खांब.

मला यात पुस्तकाचं म्हणणं शहाणपणाचं वाटतं, निदान या कामासाठी. दहा जणांना विचारलं म्हणून गावातलं सर्वांत कमी उत्पन्न तीनच क्विंटल असेल असं कोण म्हणेल? अकराव्याला विचारलं तर तो दोन सांगू शकतो. पण सगळा गावच दहा घरांचा असता, तर तीनच्या खाली कुणी नाही हे शीटचं म्हणणंही रास्त ठरलं असतं. बाकी पुस्तकाच्या निष्ठेबद्दल फार बोलू नये. त्याच प्रकरणात वर्गांतरांचं कोष्टक आलं की (n+1)/4 गुपचूप n/4 होतं. मोठ्या कोष्टकात एकानं फारसं बिघडत नाही हे खरं, पण पोरं विचारतात.

आकडे विषम असले की वाद आणखी गमतीदार होतो. साडेसहा क्विंटलवाला अकरावा शेतकरी आणला, तर तो बरोबर मधे बसतो. अर्धे करताना याला कुठल्या बाजूला घालायचं? काही पुस्तकं त्याला दोन्हीकडून वगळतात: खाली पाच जण उरतात, चतुर्थक 5. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्युकी यांनी, ज्यांच्या 1977च्या पुस्तकामुळं बॉक्स प्लॉट घरोघरी गेला, त्याला दोन्हीकडं जेवायला बसवलं: खाली सहा जण, चतुर्थक साडेपाच. आणि गंमत अशी की विषम संख्येत वगळणारे नेहमी आपल्या पाठ्यपुस्तकाच्या उत्तरावर येतात आणि दोन्हीकडं धरणारे शीटच्या. तीन पक्षांचे दोन होतात.

दुनियेत पक्ष मात्र याहून बरेच आहेत. हाइंडमन आणि फॅन या दोघांनी 1996मध्ये संगणकी पॅकेजांतल्या नऊ पद्धती नीट मांडून दाखवल्या. R मध्ये त्या नऊही आहेत. आपण काही सांगितलं नाही तर ते सातवी वापरतं, म्हणजे आपल्या शीटचीच. एक्सेलनं तर `QUARTILE.INC` आणि `QUARTILE.EXC` अशी दोन्ही दुकानं शेजारी शेजारी थाटली आहेत. दुसरं पाठ्यपुस्तकासारखं पावणेपाच सांगतं.

पाव क्विंटलचा फरक, त्यात एवढं काय, असं भाऊ म्हणाला. म्हणून बॉक्स प्लॉट काढायला बसलो. पेटी पहिल्या चतुर्थकापासून तिसऱ्यापर्यंत, आत मध्यकाची रेघ. वरचं चतुर्थकही तसंच हलतं, फक्त उलट्या दिशेनं: पुस्तकाचं सव्वाआठ, भावाचं आठ, शीटचं पावणेआठ. म्हणून पेटीची लांबी साडेतीन, तीन आणि अडीच होते. मिशा कुठवर न्यायच्या याचा ट्युकींचा नियम असा की पेटीच्या दीडपट अंतरापलीकडचा आकडा मिशीत धरायचा नाही, वेगळा ठिपका द्यायचा. पुस्तकाची वरची हद्द साडेतेरा, भावाची साडेबारा, शीटची साडेअकरा. आता बारा क्विंटलवाला बघा. वहीत तो मिशीच्या टोकावर सुखानं बसला आहे. मोबाइलवर तो जातीबाहेर.

हजार शेतकरी असते तर शेजारच्या दोन आकड्यांत फटच उरली नसती आणि पुस्तक नि शीट यांच्यातला अर्ध्या जागेचा फरक कुणाला दिसलाही नसता. वर्कशीटमध्ये दहा-बाराच आकडे असतात, म्हणून तो तिथंच डोळ्यांत भरतो. समोरचं यंत्र कुठल्या पक्षाचं हे ओळखायचं असेल तर त्याला 1 ते 10 आकडे द्यावेत आणि पहिलं चतुर्थक विचारावं. पावणेतीन म्हणालं तर पुस्तकाचं, तीन म्हणालं तर अर्धेवाल्यांचं, सव्वातीन म्हणालं तर शीटचं. पोरीनं ते करून पाहिलं आणि वहीत उत्तरापुढं सूत्र लिहून टाकलं. पेपरात पुस्तकाचंच सूत्र चालेल, हे तिला आमच्या आधी माहीत होतं.

तिचे बाबा इतका वेळ कानावर पडेल तेवढं ऐकत होते. बारा क्विंटलवाल्याला बाहेर काढायचं म्हटल्यावर ते उठून आले.

“त्याले कायले काढता? त्याच्या वावरात विहीर असंन. आधी इचारा तर खरं.”

भावानं ठिपका खोडला नाही, पण शेजारी बारीक अक्षरात ‘विहीर?’ असं लिहिलं.