अक्षांशाला करंट येत नाही

ढोकीहून तेरकडे जाणाऱ्या रस्त्यास ज्या ठिकाणी आमच्या गावची वाट येऊन मिळते, त्या फाट्यावर सूर्यास्तानंतर असा निबिड अंधार पसरतो की, गळीत हंगामात उसाची ट्रॉली तेथे उभी आहे हे वाटसरूस बहुधा तिच्यावर जाऊन आदळल्यानंतरच कळते. सबब त्या ठिकाणी एक पथदिवा मिळावा, असा अर्ज आमच्या ग्रामपंचायतीकडे करण्याचे मी योजिले. (गावाचे नाव येथे मुद्दाम देत नाही; मला अजून तेथेच राहावयाचे आहे.)

आता आमच्या मुलुखाला अक्षांश-रेखांशाचे वावडे असण्याचे कारण नाही. तेर म्हणजे जुने तगर, आणि त्या तगराचे अक्षांश-रेखांश इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमी नामक भूगोलवेत्त्याने दूर अलेक्झांड्रियास बसून नोंदवून ठेविले आहेत. त्या थोर परंपरेस स्मरून मी भ्रमणध्वनी हाती घेऊन फाट्याच्या मधोमध उभा राहिलो आणि चार दशांशस्थळांपर्यंत आकडे टिपून घेतले. कारण अक्षांशाचे चौथे स्थळ म्हणजे सुमारे अकरा मीटर, आणि रेखांशाचे आपल्या बाजूस साडेदहा. सातवे-आठवे स्थळही यंत्र देते, परंतु ज्या यंत्रास उघड्या आभाळाखालीसुद्धा चार-पाच मीटरांची भूल पडते, त्याने सेंटिमीटर सांगावेत हे कर्जबाजारी माणसाने पैशापैशाचा हिशेब ठेवण्यासारखे आहे.

अर्ज असा होता: ‘मौजे मजकूर येथील फाटा, उत्तर अक्षांश ७६.११८४, पूर्व रेखांश १८.३६१७, चतुःसीमा, पूर्वेस पडकी विहीर, पश्चिमेस वळणाचा लिंब, दक्षिणेस चुन्याने रंगविलेला दगड, उत्तरेस पाण्याचा हौद.’ बारनिशीत नोंद झाली, पोच मिळाली, आणि मी कृतार्थ होऊन घरी आलो.

रात्री नातवाने ते आकडे नकाशावर टाकिले तेव्हा फाटा बॅरेंट्स समुद्रात, स्वालबार द्वीपांच्या दक्षिणेस बुडालेला आढळला. अक्षांश व रेखांश यांची मी अदलाबदल केली होती! तेथे कार्तिकाच्या सुमारास मावळलेला सूर्य माघाच्या आसपास उगवतो, म्हणजे दिव्याची निकड आमच्याहून अधिकच. परंतु ती हद्द आमच्या ग्रामपंचायतीची नव्हे. भारतातला अक्षांश सदतीस-अडतिसाच्या वर जात नाही आणि रेखांश अडुसष्टाच्या खाली येत नाही, एवढे जरी ध्यानात ठेविले असते तरी ही चूक जागच्या जागी सापडली असती. चतुःसीमेचे वैगुण्य तर याहून मौजेचे होते: दाखविलेल्या चारही खुणा संध्याकाळी सातनंतर दिव्यावाचून दिसत नव्हत्या.

दुरुस्त अर्ज घेऊन गेलो तेव्हा ग्रामसेवकांनी तो आस्थेने वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेविला आणि म्हणाले, “गुरुजी, अक्षांशाला करंट येत नाही. खांब नंबर टाका, डीपी कोणती ते टाका.” या एका वाक्यात जेवढे स्थापत्य आहे तेवढे माझ्या दोन्ही अर्जांत मिळून नव्हते. खांबांवर तीन फेजांच्या तारा आणि एक न्यूट्रल असते. पथदिव्यांसाठी याखेरीज पाचवी तार लागते, जी एका खटक्यासरशी साऱ्या गावचे दिवे लावते व मालवते. ही पाचवी तार जेथे संपते तेथे गावचा प्रकाशही संपतो. तिच्यावाचून थेट फेजवर दिवा जोडला तर तो भर दुपारीही जळत राहतो, आणि बिल ग्रामपंचायतीने भरावयाचे. तेव्हा खरा प्रश्न फाटा पृथ्वीगोलावर कोठे आहे हा नसून, पाचवी तार त्याच्यापासून किती खांबांवर थांबली आहे हा होता. ती दोन खांब अलीकडे, पश्चिमेस, थांबली होती. पुढे न्यावयाची तर वायरमनची पाहणी, इस्टिमेट, मासिक सभेचा ठराव आणि निधी, असा क्रम. तोवर, वायरमन म्हणाला, दिवा तारेच्या शेवटच्या खांबावर बसवून टाकू.

तो बसला. त्याचा लख्ख पांढरा उजेड एका सद्गृहस्थांच्या गोठ्यावर पडतो, आणि तेथील दोन म्हशी रात्रभर डोळे मिचकावीत रवंथ करीत असतात. अर्जावर ‘मागणी पूर्ण, प्रकरण दप्तरदाखल’ असा शेरा पडला आहे.

मी कालच तिसरा अर्ज दाखल केला. त्यात विनंती एवढीच की, दिवा आहे तेथेच कायम ठेवण्यात यावा, मात्र सदरहू फाटा, त्यावरील उसाच्या ट्रॉल्यांसह, रेखांश ७६.११८४ वरून ७६.११७६ वर, म्हणजे सुमारे पंचाऐंशी मीटर पश्चिमेस, हलविण्याची तजवीज व्हावी. अक्षांशात बदल नाही.