बिन नंबर सांगा

भिवंडीत मानकोली-दापोड्याच्या गोदामांत सकाळची मीटिंग बऱ्याचदा उभ्यानेच उरकतात. दहा मिनिटांची. एखाद्याचा पाणउतारा करायला तेवढी पुरतात.

समजा, स्टॉकमध्ये ४० खोके कमी दिसतायत. इनवर्डचा सहकारी सगळ्यांसमोर म्हणतो, "मॅडमचा हिशोब कधी जुळलाय? शाळेत गणित होतं ना?" सगळे हसतात. मॅनेजरही.

लगेच सुनवायचं? त्या क्षणी छाती धडधडत असते, आवाज चढतो. मग दिवसभर चर्चा तुमच्या आवाजाची होते आणि टोमणा मारणारा नामानिराळा राहतो.

आधी श्वास सावकाश सोडा. मग मनातल्या मनात स्वतःला नावाने हाक मारा : "सुनीता, आता काय विचारायचं?" वेडगळ वाटतं? मिशिगन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये हेच तपासलं. ताणाच्या प्रसंगी 'मी'ऐवजी स्वतःच्या नावाने मनाशी बोलणारे लोक कमी अस्वस्थ झाले. दुसऱ्याला सल्ला देताना आपलं डोकं ठिकाणावर असतं, तसंच हे.

आता टोमण्याचे दोन तुकडे करा. खोके कमी आहेत, हा कामाचा मुद्दा. तुमचं गणित कच्चं, ही शेरेबाजी.

उत्तर फक्त पहिल्याला.

"कोणता माल? बिन नंबर सांगा. मीटिंग झाली की दोघं जाऊन मोजू." एवढंच, नेहमीच्या आवाजात. शाळेचा विषय काढायचाच नाही.

मोजायला गेलं की बरेचदा काय निघतं? माल उतरलेला असतो, सिस्टिममध्ये आवक चढलेली असते, पण पुटअवे राहिलेलं. खोके रॅकवर नाहीत, डॉकजवळच्या पॅलेटवर पडून आहेत. आणि पुटअवे कोणाकडे? इनवर्डकडेच.

इथे जीभ आवरा. मीटिंगला असलेल्या सगळ्यांना त्याच दिवशी मेल टाका : "सकाळचे ४० खोके डॉकवर मिळाले. पुटअवे बाकी होतं. स्टॉक जुळला." तीन वाक्यं. शेरा चारचौघांत मारला, तर खुलासा कानात का सांगायचा?

आणि चूक खरंच तुमची निघाली तर? आकडा दुरुस्त करा, त्याच मेलवर कळवा. मोजणी चुकली म्हणून अक्कल काढायचा परवाना कोणाला मिळत नाही.

पण हे रोजचंच झालं तर? वहीत तारीख, नेमके शब्द आणि हजर असलेल्यांची नावं लिहा. पाच-सहा नोंदी झाल्या की मॅनेजरला एकट्याने भेटा. "तो मला त्रास देतो" म्हणालात तर "मनाला लावून घेऊ नका" हे ऐकावं लागेल. वही पुढे केलीत तर मॅनेजरला ती वाचावी लागेल.

शेरा बाईपणावर, अंगावर घसरला तर मॅनेजरपाशी थांबू नका. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी २०१३च्या कायद्याने अंतर्गत समिती बंधनकारक आहे. तक्रार लेखी लागते, आणि साधारणपणे तीन महिन्यांच्या आत.