एफवायआय साहेब

एफवायआय साहेब तुमच्याही ऑफिसात असणारच. आलेला मेल पोटात ठेवायचा नाही, लगेच पुढे ढकलायचा, आणि वर लिहायचं फक्त ‘FYI’. माझ्या माहितीसाठी म्हणजे नेमकं कशासाठी, हे आपण शोधायचं. फार प्रेमात आले तर ‘Pls see trail mail’. म्हणजे खाली पाहा. खाली किती, ते मात्र सांगणार नाहीत.

खाली असते अख्खी वंशावळ. विषयाच्या ओळीत `FW: RE: RE: FW: RE: AC` आणि पोटात अकरा मेल. सर्वांत नवा वर, सर्वांत जुना तळाशी, त्यामुळे गोष्ट समजायला तळापासून वर वाचत यावं लागतं. मध्ये प्रत्येकाची सही, कंपनीचा लोगो आणि ‘कागद वाचवा’चं हिरवं झाड. या जंगलात कुठेतरी आपलं नाव असतं. ते सापडेपर्यंत मुदत संपलेली असते.

साहेब बोलतातही तसेच. ऑफिसच्या जिन्यात साप निघाला, तेव्हा त्यांनी फक्त दार उघडून बोट दाखवलं. डॉक्टरांनी साखर वाढल्याचा रिपोर्ट दिला, तो त्यांनी न वाचताच वहिनींकडे दिला, ‘माहितीसाठी’ म्हणून. वहिनींनी तळापर्यंत वाचला. घरातला गूळसुद्धा बंद झाला. ट्रेल मेल पूर्ण वाचणारी माझ्या माहितीतली ती एकमेव व्यक्ती.

एकदा मात्र कहर झाला. एसीच्या कंत्राटाच्या मेलवर मोठ्या साहेबांनी आतल्या आत लिहिलं होतं, ‘साडेचारला फुटला तर बघा, नाहीतर सहा लाखांपर्यंत जाऊ.’ आमच्या साहेबांनी तीच साखळी जशीच्या तशी एसीवाल्याला पाठवली. वर अर्थातच एफवायआय. फॉरवर्ड करताना खालचं सगळं सोबत जातं, जोडलेल्या फायलीही जातात. नको ते आधी आपल्या हातानं पुसावं लागतं. एसीवाल्याचा सुधारित दर तासाभरात आला. सहा लाख. त्यानं मात्र वर छान टीप लिहिली होती: ‘आपल्या अपेक्षेनुसार.’

या माणसाला दोन ओळी लिहिताच येत नाहीत, असं माझं ठाम मत होतं. मग डिस्पॅचमधल्या पोराला मुलगी झाली. ग्रुप मेडिक्लेमचा एक लांबलचक मेल तेव्हा ऑफिसात फिरत होता, आणि तो सगळ्यांनी न वाचता पुढे ढकलला होता. पोरानं मला मोबाइल दाखवला. साहेबांचा फॉरवर्ड होता. विषयाची ओळ बदललेली: ‘बाळाचं नाव पॉलिसीत – शुक्रवारपर्यंत’. आणि वर:

‘तुझ्या मुलीचं नाव शुक्रवारच्या आत घालायला हवं, नाहीतर पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबावं लागेल. जन्मदाखला आला नसेल तर हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड चालेल. खालून तिसरा मेल बघ, तिथे पिवळं केलंय. रिप्लाय दाबलास तर उत्तर माझ्याकडे येईल, म्हणून विमावाल्यांचा पत्ता इथे वरच देतोय, त्यावर पाठव. बाकीचं वाचू नकोस.’

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. तुला का, काय करायचं, कधीपर्यंत, खाली नेमकं कुठे, उत्तर कुणाला. एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा नाही. इतकी वर्षं हा माणूस ही विद्या दाबून बसला होता!

चहाला गाठलंच मी त्यांना. आधी ‘सोडा हो’ म्हणाले. मग बशीकडे बघत सांगितलं. तरुणपणी एका कोटेशनवर ते लिहून बसले होते, ‘दर जास्त वाटतो, कृपया पुन्हा पाहावे.’ कुणी पाहिलं नाही. पुढे ऑडिटवाल्यांनी नेमका तोच मेल छापून काढला आणि विचारलं, ‘तुम्हाला वाटत होतं, मग तुम्ही काय केलंत?’ ज्यांनी दर मंजूर केला त्यांना कुणी काही विचारलं नाही. त्यांनी वर काहीच लिहिलं नव्हतं.

‘वर लिहिलं ना, की अंगावर येतं,’ साहेब म्हणाले. ‘एफवायआयला कुणी धरत नाही.’

‘मग पोराला कसं लिहिलंत?’

‘त्याचं कोण ऑडिट करणार आहे?’ असं म्हणाले, आणि चहाचे पैसे, मला आठवतं त्याप्रमाणे पहिल्यांदाच, त्यांनी दिले.

मला भलताच उत्साह आला. फॉरवर्ड करताना प्रत्येकानं वर अशा चार ओळी लिहाव्यात, असा सविस्तर मेल मी साहेबांना पाठवला. नमुना म्हणून त्यांचीच टीप जोडली, पोराचं नाव काढून. त्यांनी तो पाच मिनिटांत मोठ्या साहेबांकडे पाठवला, मला कॉपीत ठेवून. या वेळी वर एफवायआयच्या पुढे चक्क दोन शब्द जास्त होते: ‘मत त्यांचे.’