सहीवर सही

रत्नागिरीतल्या एका कार्यालयात (नाव नको, आमचंही काम तिथे अडकलेलं आहे) नानांनी आधारच्या ओटीपीने ई-सही केलेला अर्ज दिला. साहेबांनी स्क्रीन न्याहाळली.

"सही कुठाय?"

"ही काय खाली. नाव, तारीख, वेळ."

"ते छापलेलं आहे. प्रिंट काढा, पेनाने सही करा, स्कॅन करून परत अपलोड करा."

कायद्याने २०१५ पासून मान्य केलेली सही अशी झेरॉक्सच्या दुकानात निधन पावली. कारण ई-सही म्हणजे खाली छापलेलं नाव नव्हे. अर्जातल्या मजकुराचा गणिती ठसा घेतात, ओटीपी जुळला की नानांच्या नावाचं जेमतेम अर्ध्या तासाचं प्रमाणपत्र तयार होतं, त्याच्या गुप्त किल्लीने ठशावर सही होते आणि किल्ली नष्ट करतात. नंतर अर्जात एक शून्य जरी वाढवलं, तरी पीडीएफ उघडताच चोरी कळते. हे सगळं फाइलमध्ये असतं. प्रिंट काढली की कागदावर उरते ती फक्त शाई.

साहेबांना सहीवर पिवळं प्रश्नचिन्हही दिसलं होतं. त्याचा अर्थ एवढाच, की त्यांच्या संगणकाची भारत सरकारच्या मूळ प्रमाणपत्राशी अजून ओळख झालेली नाही. संशय मात्र नानांवर!

मग स्कॅन लागतो कधी? सहीचा नमुना हवा असेल तेव्हा. पॅनकार्डावर आपली सही छापून हवी असेल, तर तिचा स्कॅन चढवावा लागतो. पण तिथेही अर्जावरची खरी सही ओटीपीचीच. स्कॅन हा सहीचा फोटो. तो एका कागदावरून कापून दुसऱ्यावर डकवायला नातवाला दोन मिनिटं पुरतात.

अर्थात प्रत्येक ओटीपी म्हणजे सही नव्हे. लॉगिनचा ओटीपी फक्त दार उघडतो. संमतीचा मजकूर दाखवून मागितलेला आधारचा ओटीपी मात्र सही करतो. तो "काका, नंबर सांगा" म्हणणाऱ्या दुकानदाराला सांगणं म्हणजे कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही करून देणं.

जिथे खरोखर पेन लागतं, तिथे मात्र आपण भलतेच आधुनिक. नानांच्या मुंबईकर भावाने आंब्याच्या बागेचं कुलमुखत्यारपत्र सही करून, स्कॅन काढून व्हॉट्सअॅपवर धाडलं. असं घरगुती मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र माहिती तंत्रज्ञान कायद्याने ई-सहीच्या बाहेरच ठेवलंय. तिथे ओटीपी चालत नाही, स्कॅनही नाही. मूळ कागदच हवा, आणि मृत्युपत्राला वर दोन साक्षीदार.

भावाला हे कळवलं, तेव्हा त्याने विचारलं, "साक्षीदारांचे ओटीपी चालतील काय?"