पवनाकाठी सगळे हजर

आमच्या पट्ट्यात माणसांचे दोन प्रकार आहेत. एक गुरुवारवाले, दुसरे रविवारवाले. भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारची, आणि ऑफिसं, बँका, चाकणच्या बऱ्याच मोठ्या कंपन्या रविवारी बंद. त्यामुळे मोशीत एकाच सोसायटीत, एकाच मजल्यावर राहणारे दोन मित्र वर्षानुवर्षं एकमेकांना लिफ्टमध्येच भेटतात. एकाच्या हातात डबा असतो, दुसऱ्याच्या हातात भाजीची पिशवी.

अशा गावात आयटीआयच्या जुन्या बॅचचं स्नेहसंमेलन ठरवणं म्हणजे पंचांगात नसलेला मुहूर्त काढणं. आमची बॅच पंचविसेक जणांची. फिटर, टर्नर आणि ड्राफ्ट्समन ट्रेडच्या तिघी. कोणी नाशिकला, कोणी होसूरला, एक दुबईत, एक चाकणला, पण कायम सेकंड शिफ्टला. संमेलन ठरलं. मात्र सगळे येणार नाहीत हेही त्याच वेळी ठरलं. मग कोणीतरी ग्रुपवर टाकलं, की प्रत्येकाने आपापला फोटो पाठवा, सगळ्यांना एका देखाव्यात उभं करू आणि हॉलमध्ये सहा बाय चारचा फ्लेक्स लावू. खाली सव्वीस अंगठे आले. हे काम माझ्याकडे आलं, कारण टूलरूममधून निवृत्त झालेल्या माणसाला रिकामा वेळ असतो असा सार्वत्रिक समज आहे.

कल्पना नवी मुळीच नाही. 1870 मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये बर्फावरच्या स्केटिंगचा मोठा जलसा झाला. त्या काळच्या कॅमेऱ्याला हलती माणसं पकडता येत नसत. विल्यम नॉटमन या फोटोग्राफरने शेकड्यांनी माणसं सोंगासकट स्टुडिओत बोलावली, एकेकाचे फोटो काढले, ते कात्रीने कापले आणि रंगवलेल्या पार्श्वभूमीवर चिकटवले. सुमारे तीनशे माणसं एका बर्फावर. पण कोण कुठे येणार हे त्याने आधी ठरवलं होतं आणि लोक त्याच्या स्टुडिओत, त्याच्या उजेडात उभे राहत होते. माझी माणसं लग्नाच्या मांडवात, गच्चीवर, पार्किंगमध्ये आणि एक तर चक्क गाडीच्या ड्रायव्हर सीटवर, पट्टा लावून, बसलेला होता.

देखावा कोणता, यावर चार दिवस वाद झाला. दुबईवाल्याला स्वित्झर्लंड हवं होतं, नाशिकवाल्याला समुद्र. एकाने आळंदीच्या घाटावरचा फोटो पाठवला, पण इंद्रायणीत तेव्हा फेस इतका होता की फोटो काश्मीरचा वाटला. शेवटी पवना धरणाचा काठ ठरला. मागे तिकोना आणि तुंग, मध्ये पाणी, पुढे सपाट जागा. शिवाय ज्या नदीचं पाणी आम्ही सगळे उमेदीच्या काळात प्यायलो, तिच्या काठी उभं राहायला कोणाची हरकत नव्हती.

सपाट जागा मी मुद्दाम निवडली. असल्या चित्रात माणसं खोटी दिसतात ती बहुतेक वेळा कापाकापीमुळे नाही, तर उंचीमुळे. एक हवेत तरंगतो, दुसरा गुडघ्यापर्यंत जमिनीत गेल्यासारखा वाटतो, तिसरा मागच्या रांगेत असून पुढच्यापेक्षा दांडगा. अंदाजाने लहानमोठं करत बसलं की हे होतंच. ड्रॉइंगवर जसा डेटम असतो, ज्या एका पृष्ठापासून सगळी मापं घ्यायची, तसा इथे डेटम म्हणजे क्षितिज. कॅमेरा जमिनीपासून चार फुटांवर धरला, तर सपाट जमिनीवर उभ्या प्रत्येक माणसाला क्षितिजाची रेषा चार फुटांवरच कापते. तो जवळ असो की लांब, त्याला सूट नाही.

मी तिपाईवर मोबाइल बरोबर चार फुटांवर लावला आणि काठावर चार फुटांचा पीव्हीसी पाइप रोवला. डोंगरांनी खरं क्षितिज झाकलेलं असतं, पण लांबच्या काठाला पाणी जिथे टेकतं ती रेषा त्याच्या इतकी जवळ असते की मधलं अंतर सोडून देता येतं. फोटोत पाहिलं तर पाइपाचं टोक त्या रेषेला चिकटलेलं. पाइप दहा पावलं मागे नेला, तरी टोक तिथेच. शाळेत हे कोणी दाखवलं असतं तर भूमितीशी माझे संबंध जरा बरे राहिले असते.

आता हिशोब सोपा. माणसाचे पाय चित्रात जिथे ठेवायचे तिथून क्षितिजापर्यंतचं अंतर मोजायचं. ते अंतर म्हणजे त्या जागेचे 48 इंच. समजा, पुढच्या रांगेत ते 1200 पिक्सेल भरलं. आमची ड्राफ्ट्समन मैत्रीण पाच फूट चार इंच, म्हणजे 64 इंच. 1200 ला 48 ने भागून 64 ने गुणलं की 1600. ती 1600 पिक्सेल उंच. शेजारचा होसूरवाला सहा फुटी, तो 1800. मागच्या रांगेत पाय ते क्षितिज 900 भरलं, तर तिथे तीच मैत्रीण 1200 ची. अडचण एवढीच की यासाठी सगळ्यांची खरी उंची विचारावी लागली, आणि पन्नाशी ओलांडलेला पुरुष उंची सांगताना विशीतली सांगतो. एकाला तर मी दोन इंच परत घ्यायला लावले.

माप जुळलं तरी एक गोष्ट उरते. समोरच्याचा फोटोही साधारण त्याच उंचीवरून काढलेला हवा. गॅलरीतून खाली काढलेल्या फोटोत बुटांची वरची बाजू आणि टक्कल दिसतं, जमिनीवर बसून काढलेल्यात हनुवटीची खालची बाजू. हे आकाराने सुधारत नाही. सेल्फीही बाद, कारण हातभर अंतरावर नाक कॅमेऱ्याला कानांपेक्षा बरंच जवळ असतं आणि नाकच पुढे येऊन उभं राहतं. म्हणून ग्रुपवर पत्रकच काढलं. कॅमेरा छातीच्या उंचीवर, दहा-बारा फुटांवरून, पायांसकट, उन्हात नाही तर इमारतीच्या सावलीत, आणि फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नुसता पाठवला तर व्हॉट्सॲप त्याला पिळून काढतं, मग त्यातल्या अर्ध्या चौकटीतल्या माणसाला ताणून फ्लेक्सवर न्यावं तर चेहरा पुरणपोळीसारखा गुळगुळीत होतो. पत्रकाखाली पुन्हा सव्वीस अंगठे. फोटो मात्र निम्म्यांनी मांडवातलेच पाठवले.

सावलीचा आग्रह का? माझ्या देखाव्यात ऊन डावीकडून, संध्याकाळचं. सावलीत काढलेल्या चेहऱ्यावर उजेड सगळीकडून सारखा पडतो. त्याला एका बाजूने थोडं उजळवून दुसऱ्या बाजूने बुजवलं की तो निमूट संध्याकाळी येऊन उभा राहतो. भर दुपारच्या उन्हातल्या चेहऱ्याच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या असतात, नाकाखाली मिशीसारखी सावली. ती पुसता येत नाही. दोघांच्या तोंडावर उजवीकडून ऊन होतं, म्हणून मी त्यांना आरशासारखं उलटं केलं. ऊन बरोबर आलं. पण एकाच्या शर्टाचा खिसा उजवीकडे गेला आणि दुसरीच्या साडीचा पदर उजव्या खांद्यावर. खिशाचं कोणाच्या लक्षात आलं नसतं. पदराचं सगळ्या बायकांच्या लक्षात आलं असतं. तिला परत सरळ केलं आणि एका झाडाच्या सावलीत उभं केलं.

ज्यांचे फोटो गुडघ्यापर्यंतच होते ते मागच्या रांगेत, पुढच्यांच्या आड. ड्रायव्हर सीटवाल्यालाही पट्टा काढून तिथेच घेतला. ज्यांचे पाय होते त्यांच्या टाचेला लागून एक बारीक, गडद सावली लागते, आणि तिच्यापुढे उजवीकडे पसरत जाणारी मऊ सावली. ती बारीक रेघ नसली की पुढची कितीही सुंदर काढा, माणूस बोटभर वरच राहतो.

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो एकाच फोटोवर. आमचा एक टर्नर मित्र आता नाही. त्याचा फोटो मिळाला तो अप्रेंटिसशिपच्या ओळखपत्रावरचा. काळापांढरा, टपाल तिकिटापेक्षा थोडा मोठा, कोपऱ्यावर शिक्क्याची कड. स्कॅन केल्यावर चेहऱ्यावर ज्वारीएवढा दाणा. तो बावीस वर्षांचा, केस भरगच्च, आणि भोवती आम्ही. त्याला रंग भरून पाहिला. मेण चोपडल्यासारखा दिसायला लागला.

स्कॉटलंडच्या डेव्हिड ऑक्टेव्हियस हिलपुढेही असाच पेच होता. 1843 मध्ये तिथल्या चर्चमधून शेकडो पाद्री एकदम बाहेर पडले. तो प्रसंग रंगवायला हिलने रॉबर्ट ॲडमसन या साथीदाराबरोबर एकेकाचे फोटो काढले. ॲडमसन 1848 मध्ये वारला. चित्र पुरं झालं 1866 मध्ये. त्यात साडेचारशेहून जास्त चेहरे, काही तर त्या दिवशी तिथे नसलेल्यांचेही, आणि गर्दीत कॅमेऱ्यासह ॲडमसनही. तेवीस वर्षं चाललेल्या कामात कोण केव्हाच्या वयाचा, हे हिलने फार मनावर घेतलेलं दिसत नाही. मला तो माणूस आवडला.

तेव्हा मी उलट रस्ता धरला. त्याला आमच्यासारखं करण्याऐवजी आम्हाला त्याच्यासारखं केलं. धरण, तिकोना, साड्या, होसूरवाल्याचा भगभगीत नारिंगी टी-शर्ट, सगळं काळंपांढरं केलं आणि वर एकच तपकिरी झाक दिली. मग एक लक्षात ठेवायचं, की मागच्या रांगेतला कोणाचाही काळा रंग त्या जागेच्या देखाव्यातल्या काळ्यापेक्षा गडद नको, कारण लांबच्या वस्तूवर हवेचा पातळ पडदा असतो. दुबईवाल्याचा सूट त्यासाठी बराच फिका करावा लागला. शेवटी सगळ्या चित्रावर एकच दाणा, ओळखपत्राला शोभेल इतका. महागड्या मोबाइलच्या लखलखीत चेहऱ्यांना ते आवडलं नसेल, पण दाणा सगळ्यांना सारखा आला आणि मित्र कडेला न पडता मधोमध बसला, दोघांच्या खांद्यांमागून डोकावत. खांद्यांखाली त्याचं काही नव्हतंच, ते त्या दोघांनी झाकलं.

गडबड फ्लेक्स लावल्यावर झाली. संमेलनाला चौदा जण आले, रविवारवाले जास्त. सगळे चित्रापुढे उभे राहिले, आपापला चेहरा शोधला, पोट कमी का केलं नाहीस म्हणून मला बोलले. जेवणं होईपर्यंत नाशिकवाला सांगायला लागला की त्या दिवशी पवनेवर वारा किती होता. दुसरा म्हणाला, वारा नव्हता, पण परत येताना कामशेतला वडापाव खाल्ला होता. तिसऱ्याने वडापावचे पैसे कोणी दिले हेही सांगितलं. मी पाइपाचा, 48 इंचांचा, सगळा खुलासा केला. कोणी ऐकलं नाही. तेवढ्यात एकाची बायको माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “भाऊजी, खरं सांगा, हे सगळे पवनेला गेले कधी? यांनी तर मला त्या दिवशी ओव्हरटाइम सांगितला होता.”