नोडल साहेब

सरकारी विमा कंपनीत नोडल अधिकारी या पदावर कुणाचीच भरती होत नाही. त्याला वेगळा पगार नाही की वेगळी खुर्ची नाही. तरीही प्रत्येक प्रादेशिक कार्यालयात एक नोडल साहेब असतातच. सप्टेंबरात ते हिंदी पंधरवड्याचे नोडल असतात, दिवाळीच्या आसपास दक्षता सप्ताहाचे आणि मधल्या काळात झाडूसकट स्वच्छता पंधरवड्याचे. मुख्य कार्यालयातून ‘कृपया एक नोडल अधिकारी नामनिर्देशित करावा’ अशी मेल आली की प्रादेशिक व्यवस्थापकांची नजर हॉलभर फिरते आणि दरवेळी त्याच टेबलाशी थांबते. साहेबही मान डोलावतात. नकार द्यायला जी तिखट जीभ लागते ती त्यांना देवाने दिलेली नाही. परिपत्रक लिहिण्याचा हात मात्र सढळ दिला आहे.

यंदा त्यांच्याकडे आलं ते क्लेमचं नवीन सॉफ्टवेअर.

परिपत्रक निघालं जूनच्या पहिल्या आठवड्यात. विषय: ‘नवीन दावा प्रणालीची अंमलबजावणी, संक्रमण वेळापत्रक व प्रशिक्षण’. अशी परिपत्रकं कायद्याने हिंदी आणि इंग्रजी दोन्हींत निघायला हवीत. आमच्याकडे इंग्रजी प्रत आज येते आणि हिंदी प्रत ‘यथावकाश’, म्हणजे नोडल साहेबांना रविवार मोकळा मिळाला की. पहिला परिच्छेद अध्यक्षांच्या दूरदृष्टीचा, दुसरा डिजिटल युगाचा, तिसरा मागील पत्राच्या संदर्भाचा. हे मागील पत्र कुणाकडेच नसतं. मुद्द्याचा मजकूर पान दोनवर, जिथे वाचणारे पोचत नाहीत तिथे:

‘मंगळवार 10 ते गुरुवार 12 जून प्रशिक्षण. शुक्रवार 13 जून सायंकाळी सहा वाजता जुनी प्रणाली बंद. त्यानंतर ती केवळ पाहण्यापुरती उपलब्ध राहील. सोमवार 16 जूनपासून सर्व दावे नवीन प्रणालीतच नोंदवावेत. सर्व प्रलंबित व्हाउचर शुक्रवारपूर्वी निकाली काढावेत. हे सर्वोच्च प्राधान्याचे समजावे.’

तारीख कशी निवडली, हे विचारायला मी त्यांच्या टेबलाशी गेलो. “साहेब, जून कशाला? पाऊस लागला की मोटर क्लेमची रांग लागते. 26 जुलै 2005 विसरलात का? पाणी शिरलेल्या गाड्यांचे क्लेम किती महिने चालले होते!”

साहेबांनी चष्मा पुसला. “अहो, मार्चमध्ये वर्षअखेर, एप्रिलमध्ये लेखापरीक्षण, मेमध्ये निम्मा स्टाफ गावी. उरलं काय? शिवाय तारीख वरून आली आहे.”

‘वरून’ म्हणजे कुठून, हे नोडल साहेब कधी सांगत नाहीत. त्यांना बहुधा माहीतही नसतं.

मग प्रशिक्षण. तालुक्या-तालुक्यांतून माणसं आली, हजेरीपटावर सह्या झाल्या, वडा-चहा झाला. नोडल साहेबांची सगळी काळजी हजेरीपटाची. कुणी तिन्ही दिवस घोरलं तरी चालेल, पण सही रकान्याबाहेर जाता कामा नये. पुढेमागे कुणी ‘मला शिकवलंच नाही’ म्हणालं तर तो कागद फाइलमधून काढता यायला हवा. शिकवायला सॉफ्टवेअर कंपनीचा एक चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा होता. मुलगा गुणी, पण त्याने आयुष्यात क्लेम पाहिलेला नव्हता. ‘सॅल्व्हेजची रक्कम कुठे वजा होते?’ असं आमच्या जोशीबाईंनी विचारलं, तर तो म्हणाला, “मॅडम, सॅल्व्हेज फेज टू में आयेगा।” अपघातातले मोडके पत्रे फेज टूपर्यंत थांबायला तयार असतात का, हे जोशीबाईंनी विचारलं नाही. ऑगस्टात निवृत्त होणारी माणसं असे प्रश्न पुढच्या पिढीवर सोडतात.

प्रशिक्षणातली खरी गोची वेगळीच असते. शिकवणी चालते ती चाचणीच्या प्रणालीवर. पडदा तोच, बटणं तीच, रंगही तोच. फरक एवढाच की वरच्या पत्त्याच्या पट्टीत कुठेतरी uat ही तीन अक्षरं असतात. तिथे केलेलं सगळं लुटुपुटीचं. नोडल साहेबांच्या परिपत्रकात चाचणीची लिंक होती, खऱ्या प्रणालीची नव्हती. साहजिकच सोमवारी उत्साही मंडळींनी तीच लिंक उघडली आणि खरे क्लेम तिथे नोंदवले. क्लेम नंबर मिळाले, ग्राहकांना कळवलेही गेले. दोन दिवसांनी चाचणीची प्रणाली पुसली गेली, आणि ग्राहक फोनवर जो नंबर सांगत होते तो या जगातच नव्हता. नोडल साहेबांनी त्यावर ताबडतोब एक शुद्धिपत्रक काढलं. त्यात पुन्हा पहिल्या परिच्छेदात दूरदृष्टी होती, लिंक दुसऱ्या पानावर.

परिपत्रकात ज्याबद्दल एक ओळही नव्हती ते म्हणजे अर्ध्यावर असलेले क्लेम. नवीन क्लेम नवीन प्रणालीत टाकायला कुणालाही शिकवता येतं. भानगड असते ती सर्व्हे झालेल्या, गाडी गॅरेजमध्ये उघडून ठेवलेल्या आणि पैसे द्यायचे राहिलेल्या क्लेमची. असे क्लेम शुक्रवारी रात्री जुन्यातून नव्यात ‘स्थलांतरित’ होतात. स्थलांतरित होतं म्हणजे काय, तर पॉलिसी क्रमांक, अपघाताची तारीख, कळवल्याची तारीख, सर्व्हेची तारीख आणि बाजूला ठेवलेली अंदाजे रक्कम, जिला आम्ही प्रोव्हिजन म्हणतो. फोटो, बिलं, आरसी बुकाची प्रत, सर्व्हेअरने समासात केलेल्या खुणा हे सगळं जुन्या घरीच राहतं.

शनिवारी नोडल साहेब स्वतः ऑफिसात बसून होते. दोन्हीकडचे आकडे त्यांनी जुळवले: जुन्यात जेवढे प्रलंबित क्लेम तेवढेच नव्यात, जुन्यातली प्रोव्हिजनची बेरीज तीच नव्यात, पैशापर्यंत. त्यांनी रात्रीच मेल टाकली, ‘ताळमेळ यशस्वी’. इथे त्यांचं कौतुक करायला हवं. पुष्कळ ठिकाणी एवढंही कुणी करत नाही. पण संख्या जुळली आणि बेरीज जुळली म्हणजे आतला मजकूर जुळला असं होत नाही. तारखांची बेरीज कुणी करत नाही.

सोमवारी एका गाडीचा क्लेम उघडला. गृहस्थांची गाडी 5 मार्चला ठोकली गेली होती, 6 मार्चला त्यांनी कळवलं, 14 मार्चला सर्व्हे झाला. गाडीच्या कंपनीकडून मागचा दरवाजा यायला अडीच महिने लागले म्हणून क्लेम जूनपर्यंत लोंबकळला. पॉलिसी 31 मार्चला संपली आणि पुढच्या वर्षी गृहस्थ दुसऱ्या कंपनीकडे गेले. त्यात काही वावगं नाही. अपघात झाला तेव्हा पॉलिसी आमचीच होती, पैसे आम्हीच द्यायचे. पण नव्या प्रणालीने लाल अक्षरांत सांगितलं: ‘अपघाताची तारीख पॉलिसीच्या मुदतीबाहेर’.

झालं होतं असं. जुन्या प्रणालीत आधी दिवस, मग महिना. नवीन प्रणाली ज्या साच्यातली, त्यात आधी महिना, मग दिवस. 05/03 चा 5 मार्च तिथे जाऊन 3 मे झाला. कळवल्याची 06/03 ही तारीख 3 जून झाली. सर्व्हेची तारीख मात्र 14/03. चौदावा महिना जगात नसल्यामुळे संगणकाने ती मुकाट्याने 14 मार्चच ठेवली. परिणामी आमच्या कागदोपत्री सर्व्हेअरने गाडी अपघाताच्या पन्नास दिवस आधी तपासली होती आणि मालकाने अपघात महिनाभर लपवून ठेवला होता. एका प्रामाणिक माणसाचा क्लेम असा एका रात्रीत संशयास्पद झाला.

या गृहस्थांचं नशीब की निदान लाल अक्षरं तरी आली. त्यांनी आमच्याकडेच नूतनीकरण केलं असतं तर 3 मेला नवी पॉलिसी चालू सापडली असती, क्लेम गुपचूप तिच्यावर चढला असता आणि पुढच्या वर्षी नो क्लेम बोनस चुकीच्या वर्षाचा गेला असता. चूक आरडाओरडा न करता झाली की ती सापडत नाही.

वर्षाच्या 365 तारखांपैकी 132 अशा उलटू शकतात. दिवस बारापर्यंतचा आणि महिना व दिवस वेगळे असले की झालं. तेराव्या दिवसापासून पुढच्या सगळ्या तारखा सुरक्षित, म्हणून यादी वरवर चाळली तर निम्म्याहून जास्त बरोबर दिसते आणि माणूस समाधानाने उठतो. जोशीबाई उठल्या नाहीत. त्यांनी यादी एक्सेलमध्ये घेतली आणि सर्व्हेची तारीख अपघाताच्या आधीची असलेले क्लेम वेगळे काढले. मग भविष्यातल्या तारखा असलेले. मग अपघात आणि सूचना यांत नेमक्या पूर्ण महिन्यांचं अंतर पडलेले. तीन चाळण्यांत बहुतेक सगळं हाती लागलं. उरलेले त्यांनी जुन्या प्रणालीशी एकेक करून ताडले. ती अजून ‘केवळ पाहण्यापुरती’ उघडी होती, हे बरंच झालं.

हे सगळं नोडल साहेबांना सांगायला गेलो तेव्हा ते पुढचं परिपत्रक लिहीत होते. शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे डेटा गुणवत्ता सप्ताह घ्यायला हवा,” ते म्हणाले आणि त्याचा नोडल कोण, या विचाराने त्यांचा चेहरा उतरला.

त्यांच्यावर राग धरता येत नाही. व्हाउचरवरचा इशारा त्यांनी बरोबर दिला होता. शुक्रवारी मंजूर झालेलं आणि शनिवारी बँकेत गेलेलं पेमेंट सोमवारी नव्या प्रणालीत प्रलंबितच दिसतं आणि मग तोच क्लेम दुसऱ्यांदा दिला जातो; त्यांच्या त्या एका वाक्यामुळे आमच्याकडे तसं झालं नाही. फक्त त्याच परिपत्रकात प्रशिक्षणाच्या दीड पानाऐवजी चार ओळी हव्या होत्या: खऱ्या प्रणालीचा पत्ता, जुन्या आणि नव्या क्लेम क्रमांकांची यादी कुठे मिळेल, पहिल्या आठवड्यात प्रत्येक उघड्या क्लेमच्या तिन्ही तारखा कोणी तपासायच्या, आणि अडलं तर फोन कुणाला करायचा. शेवटच्या ओळीपुरतं त्यांनी स्वतःचं नाव घातलं होतं, पण टेबलाचा अंतर्गत क्रमांक हिंदी पंधरवड्याच्या वेळचा होता.

तेव्हा वाचकहो, तुमच्या गाडीचा क्लेम चालू असताना विमा कंपनीतून ‘सध्या सिस्टम बदलतेय’ असं ऐकू आलं, तर जुना क्रमांक जपून ठेवा, नवीन क्रमांक लेखी मागून घ्या, आणि नव्या प्रणालीत अपघाताची तारीख काय दिसते ती महिन्याच्या नावासकट वाचून दाखवायला सांगा. बिलांचे आणि फोटोंचे दोन संच काढून घरी ठेवा. आणि त्यासाठी नोडल साहेबांना फोन करू नका. सरळ जोशीबाईंकडे जा, पण ऑगस्टच्या आधी.