घटना खऱ्या, क्रम खोटा: गुण किती?

सातवीच्या इतिहासाच्या पेपरात हमखास येणारा प्रश्न घ्या: ‘पुरंदरचा तह कोणत्या परिस्थितीत झाला आणि त्याचे परिणाम काय झाले?’ गुण पाच. एका विद्यार्थिनीचं उत्तर समजा असं आहे: ‘महाराजांनी लाल महालावर छापा घातला, शायिस्ताखानाची बोटं तुटली. महाराजांनी सुरत लुटली. मग ते आग्र्याला गेले आणि औरंगजेबाच्या कैदेतून निसटले. याचा राग येऊन औरंगजेबाने मिर्झाराजे जयसिंगांना पाठवलं. जयसिंगांच्या फौजेने पुरंदरला वेढा घातला, मुरारबाजी लढता लढता पडले. तह झाला, तेवीस किल्ले द्यावे लागले. पुढे तानाजींनी कोंढाणा परत घेतला.’

यातली एकही घटना खोटी नाही. फक्त आग्र्याहून सुटका १६६६ सालची आणि तह १६६५ चा. आता हा पेपर दोघांकडे तपासायला द्या. एक जण पाचपैकी पाच देईल, कारण मुद्दे सगळे आले. दुसरा उत्तरावर आडवी रेघ मारून एक गुण देईल, कारण क्रमच चुकला. माझं स्पष्ट मत आहे, दोघांनीही पेपर तपासलेला नाही. पहिल्याने उत्तरातली नावं मोजली, दुसऱ्याने चूक सापडताच वाचणं थांबवलं.

तपासायचं कसं? आधी गुणांची फोड हवी, आणि ती पहिला पेपर उघडण्यापूर्वी कागदावर हवी. या प्रश्नाला मी परिस्थितीसाठी दोन गुण ठेवीन, तहाच्या अटींसाठी एक, परिणामांसाठी दोन. परिणामांतले दीड आग्राभेटीला, कारण तहानंतरच जयसिंगांच्या आग्रहाने महाराज औरंगजेबाच्या दरबारात गेले. उरलेला अर्धा गुण गमावलेले किल्ले परत घेण्याला.

मग एक सोपी कसोटी लावायची. जागा चुकलेली घटना पेन्सिलीने खोडा आणि उरलेलं उत्तर पुन्हा वाचा. इथे आग्र्याचं वाक्य काढलं तर ‘याचा राग येऊन’ हे शब्द थेट सुरतेला जाऊन चिकटतात, आणि ते खरंच आहे. लाल महालावरचा छापा १६६३ चा, सुरतेची लूट १६६४ ची. दख्खनच्या सुभेदाराची झालेली नाचक्की आणि पाठोपाठ मोगलांच्या श्रीमंत बंदराची लूट, या दोन्हींमुळेच जयसिंगांसारखा मातब्बर सरदार दक्षिणेत आला. म्हणजे परिस्थितीचे दोन्ही गुण शाबूत. तेवीस किल्ल्यांची अट आली, तो एक गुण शाबूत. कोंढाण्याचा अर्धाही द्यायचा, कारण १६७० ची ती मोहीम तिने तहानंतरच ठेवली आहे, आणि कोंढाणा तहात दिलेल्या किल्ल्यांपैकीच होता. गेले ते आग्राभेटीचे दीड. परिणाम म्हणून ती कुठेच आलेली नाही, उलट कारण होऊन बसली आहे. एकूण साडेतीन.

इथे पुष्कळ जण आणखी एक गुण कापतात. आग्रा परिणामांत नाही म्हणून एकदा आणि कारणांत घुसला म्हणून पुन्हा एकदा. हे मला मुळीच मान्य नाही. चूक एकच झाली आहे, एक घटना उचलून भलतीकडे ठेवली. जिथे तिचं नुकसान जास्त तिथे एकदा गुण कापायचे आणि पुढे जायचं. गणिताच्या पेपरात पहिल्या पायरीतला आकडा चुकला आणि पुढची रीत बरोबर असली तर रीतीचे गुण आपण देतोच ना? इतिहासाच्या पोरांनी काय घोडं मारलंय?

पण ही कसोटी मवाळ नाही. त्याच मुलीने लाल महाल आणि सुरत गाळून फक्त ‘आग्र्याहून सुटले म्हणून जयसिंग आले’ एवढंच लिहिलं असतं, तर ते वाक्य खोडल्यावर परिस्थितीबद्दल काहीच उरलं नसतं. मग ते दोन गुण शून्य. घटना खरी असली तरी शून्य, कारण प्रश्न ‘कोणत्या परिस्थितीत’ असा होता आणि त्याचं उत्तर मिळालंच नाही.

आता दुसरा मुलगा. त्याने बाकी सगळं जागच्या जागी लिहिलं, फक्त सुरत आधी आणि लाल महाल नंतर. क्रम चुकला हे नक्की. पण दोन्ही घटना तहाच्या आधीच्याच राहिल्या, आणि दोन्ही मिळून जयसिंग का आले ते सांगतात. या प्रश्नाला मी त्याचा एकही गुण कापणार नाही, समासात दुरुस्ती लिहीन. प्रश्न ‘महाराजांनी सुरतेवर स्वारी का केली?’ असा असता तर मात्र हीच अदलाबदल महागात पडली असती. शायिस्ताखानाच्या फौजेने तीन वर्षं मुलूख उजाड केला, खजिना आटला, ती भरपाई सुरतेतून करायची होती. खान नंतर आणला की त्या स्वारीचं कारणच नाहीसं होतं. चूक तीच, किंमत वेगळी, आणि ती किंमत प्रश्न ठरवतो. ‘क्रम चुकल्यास एक गुण कमी’ असा सरसकट नियम म्हणूनच कुचकामी आहे.

सर्वांत मोठा अन्याय होतो तो ‘कालानुक्रमे लावा’ या प्रश्नात, जिथे फक्त क्रमच विचारलेला असतो. सहा घटना द्या: अफजलखानाचा वध, पन्हाळ्याचा वेढा, लाल महाल, सुरतेची पहिली लूट, पुरंदरचा तह, आग्र्याहून सुटका. एका मुलाने अफजलखान शेवटी टाकला, बाकी पाच अगदी ओळीत. उत्तरसूचीशी जागा ताडून पाहणारे त्याला शून्य देतात, कारण बाकीची प्रत्येक घटना एक घर वर सरकलेली असते. दुसऱ्याने शेजारशेजारच्या जोड्या उलट्या लावल्या, पन्हाळा मग अफजलखान, सुरत मग लाल महाल, आग्रा मग तह. त्यालाही शून्य. पहिल्याला १६५९ च्या एका घटनेची जागा आठवली नाही, दुसऱ्याचा प्रत्येक टप्प्यावर गोंधळ आहे, आणि गुणपत्रिकेत दोघे सारखेच!

इथे जागा मोजू नका. कमीत कमी किती घटना काढल्या की उरलेल्या बरोबर क्रमाने राहतात, ते बघा. पहिल्याची एक काढली की पाच उरतात. दुसऱ्याच्या प्रत्येक जोडीतली एक काढावी लागते, तीन उरतात. अगदी उलटी यादी लिहिणाऱ्याचीही एक घटना उरणारच, म्हणून उरलेल्या संख्येतून एक वजा करायचा. सहा घटनांना पाच गुण ठेवले की पहिल्याला चार, दुसऱ्याला दोन, उलटी यादी लिहिणाऱ्याला शून्य. एका पेपराला अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

सनाच्या चुकीचा हिशेब याहून वेगळा. तह १६५६ साली झाला असं लिहून एखाद्याने पुढचा मागचा सगळा क्रम बरोबर सांगितला असेल, तर त्याने आकडे उलटेपालटे केलेत, इतिहास नाही. सन विचारलं असेल तर त्याचे गुण कापा, नाहीतर गोल करून सोडून द्या.

आणि त्या साडेतीन गुणांच्या उत्तरावर नुसती फुली मारू नका. ‘याचा राग येऊन’ला गोल करून शेजारी लिहा: ‘तह झाला नसता तर महाराज आग्र्याला गेले असते का?’